मुरबाडची छोटी कंपनी मोठ्या कंपनीत विलीन होते, तेव्हा तिची किंमत कशी ठरते?

मुरबाड एमआयडीसी किंवा आसनगावच्या पट्ट्यात फिरलात तर एक गोष्ट लक्षात येते. इथले बरेचसे कारखाने शेअर बाजारात नोंदलेले नाहीत. दोन भाऊ, एखादा मेहुणा, जुना भागीदार आणि त्यांच्या मुलांच्या नावावर असलेले थोडेथोडे शेअर, अशा त्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आहेत. अशा कंपनीच्या शेअरचा भाव कुठल्याही अ‍ॅपवर दिसत नाही.

त्यामुळे यातली एखादी कंपनी दुसरीत विलीन व्हायची वेळ आली की पहिला प्रश्न असतो, हिची किंमत किती? आणि लगेच दुसरा, माझ्या वाट्याला किती?

हे प्रश्न आता जास्त कंपन्यांसमोर येऊ शकतात. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये विलीनीकरणाच्या नियमांत बदल केला. शेअर बाजारात नोंद नसलेल्या आणि २०० कोटी रुपयांपर्यंत कर्ज असलेल्या कंपन्यांना, त्या कर्जाची थकबाकी नसेल तर, ‘फास्ट ट्रॅक’ मार्ग खुला झाला. या मार्गात राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे जावं लागत नाही. मंजुरी प्रादेशिक संचालक देतात.

प्रक्रिया सोपी झाली, पण किंमत ठरवण्याचं गणित तेच आहे. ते गणित एका उदाहरणातून समजून घेऊया.

विलीनीकरण म्हणजे नेमकं काय?

एक कंपनी आपली सगळी मालमत्ता आणि सगळी देणी दुसऱ्या कंपनीला देते आणि स्वतः संपते. तिच्या भागधारकांना त्या बदल्यात शेअर किंवा पैसे मिळतात. या बदल्याला हिशेबाच्या भाषेत ‘खरेदी मोबदला’ म्हणतात.

शहापूर तालुक्याला हा प्रकार नवा नाही. वासिंदचा पोलाद कारखाना एकेकाळी जिंदाल आयर्न अँड स्टील कंपनीचा होता. २००५ मध्ये ही कंपनी जिंदाल विजयनगर स्टीलबरोबर एकत्र झाली आणि त्यातून आजची जेएसडब्ल्यू स्टील उभी राहिली. गेटवरची पाटी बदलली, कारखाना तिथेच राहिला.

हिशेबात मात्र दोन अगदी वेगळे रस्ते आहेत. छोट्या आणि मध्यम कंपन्यांना लागू असलेलं लेखा मानक १४ म्हणतं की विलीनीकरण एकतर ‘एकत्रीकरण’ असतं, नाहीतर ‘खरेदी’.

एकत्रीकरणात दोन वह्या एकमेकींना जोडल्या जातात. मालमत्ता जुन्याच किमतीला राहते, राखीव निधीही तसाच पुढे जातो. त्यासाठी पाच अटी आहेत आणि पाचही पूर्ण व्हाव्या लागतात. उदाहरणार्थ, विलीन होणाऱ्या कंपनीचे किमान ९० टक्के शेअर ज्यांच्याकडे आहेत, ते नव्या कंपनीचे भागधारक झाले पाहिजेत आणि मालमत्तेच्या पुस्तकी किमतींना हात लावता कामा नये.

एक जरी अट मोडली तरी व्यवहार ‘खरेदी’ ठरतो. म्हणजे मोठ्या कंपनीने छोटी कंपनी विकत घेतली असं मानून हिशेब लिहायचा. (मोठ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना इंड एएस १०३ हे वेगळं मानक लागू होतं. आपलं उदाहरण त्यात बसत नाही.)

आता उदाहरण: मुरबाडची एक कंपनी

समजा, मुरबाड एमआयडीसीत प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिला ‘छोटी’ म्हणूया. तिचे १०० रुपये दर्शनी किमतीचे ६० हजार शेअर आहेत. तिला विकत घेणारी कंपनी ‘मोठी’. दोन्ही कंपन्या आणि पुढचे सगळे आकडे काल्पनिक आहेत.

छोटीचा ताळेबंद असा आहे (आकडे लाख रुपयांत):

- भांडवल ६०, सर्वसाधारण राखीव निधी ४५, साठलेला नफा १५
- बँकेचं कर्ज ५०, पुरवठादारांची देणी ३०
- जागा व इमारत ६०, यंत्रं ७०, माल ३०, ग्राहकांकडून येणं ३२, रोख ६
- कंपनी स्थापनेचा न वजा केलेला खर्च २

दोन्ही बाजूंची बेरीज २०० लाख येते.

ताळेबंदाच्या आधाराने किंमत काढायची तर भांडवल, राखीव निधी आणि नफा मिळून १२० लाख होतात. त्यातून स्थापनेच्या खर्चाचे २ लाख काढायचे, कारण ती विकता येईल अशी वस्तूच नाही. उरले ११८ लाख. एका शेअरमागे साधारण १९७ रुपये.

कुटुंबाच्या बैठकीत बहुतेक वेळा हाच आकडा आधी पुढे येतो. तो ऑडिट झालेला असतो, छापलेला असतो, त्यामुळे खराही वाटतो. पण तो या कंपनीची आजची किंमत सांगत नाही.

निव्वळ मालमत्ता पद्धत काय करते?

या पद्धतीचं सूत्र एका ओळीचं आहे. जी मालमत्ता मोठी ताब्यात घेणार तिची मान्य केलेली किंमत, वजा जी देणी ती स्वीकारणार त्यांची मान्य केलेली रक्कम. यात ‘मान्य केलेली’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. वहीतली किंमत इथे चालत नाही. आज काय मिळेल किंवा आज काय फेडावं लागेल, ते बघायचं. म्हणून एकेक ओळ तपासावी लागते.

जागा व इमारत: वहीत ६० लाख, कारण प्लॉट वीसेक वर्षांपूर्वी घेतला आणि इमारतीवर दरवर्षी घसारा कापला गेला. दरम्यान आजूबाजूचं चित्र बदललं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तो शेजारच्या शहापूर तालुक्यातूनच जातो. समजा मूल्यांकनकाराने आजची किंमत १५० लाख काढली.

इथे एक बारकावा आहे. एमआयडीसीचा प्लॉट मालकीचा नसतो, तो दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असतो. त्यामुळे शेजारच्या बिगरशेती जमिनीचा दर जसाच्या तसा लावता येत नाही. पट्ट्याची किती वर्षं उरली आणि हस्तांतरासाठी एमआयडीसीची परवानगी घेताना किती रक्कम भरावी लागेल, हे वजा करूनच किंमत काढायची. १५० लाखांत हे धरलेलं आहे.

यंत्रं: वहीत ७० लाख, पण दोन मशीन जुन्या पडल्या आहेत. आजची किंमत ५५ लाख.

माल: ३० लाखांपैकी ३ लाखांचा माल जुन्या डिझाइनचा, तो कोणी घेणार नाही. उरले २७.

येणं: ३२ लाखांपैकी ३ लाख वसूल होण्याची आशा नाही. उरले २९.

रोख: ६ लाख, जशीच्या तशी. मात्र मोठी रोख रक्कम ताब्यात घेणार आहे की नाही, हे योजनेत स्पष्ट लिहिलेलं हवं. ती घेणार नसेल तर हा आकडा बेरजेत येत नाही.

मालमत्तेची बेरीज झाली २६७ लाख.

आता देणी. बँकेचे ५० आणि पुरवठादारांचे ३० तर दिसतातच. पण कामगारांच्या ग्रॅच्युइटीची तरतूद कंपनीने कधी केलीच नव्हती. ती ७ लाख निघाली. एकूण देणी ८७ लाख.

२६७ वजा ८७, म्हणजे १८० लाख. एका शेअरमागे ३०० रुपये. वही म्हणत होती १९७.

आणि कंपनीच्या नावाची किंमत?

छोटीकडे जागा आणि मशीनपलीकडेही काहीतरी आहे. जुने ग्राहक आहेत, वेळेवर माल देण्याचं नाव आहे, त्यामुळे ती अशा धंद्यात नेहमी मिळतो त्यापेक्षा जास्त नफा कमावते. याला ‘ख्याती’ म्हणजे गुडविल म्हणतात.

ती मोजण्याची एक रूढ रीत अशी. समजा या धंद्यात गुंतवणुकीवर १२ टक्के परतावा सामान्य मानला जातो. १८० लाखांवर तो २१.६ लाख होतो. छोटीचा सरासरी नफा आहे २९.६ लाख. म्हणजे वर्षाला ८ लाख जास्तीचे. दोन्ही बाजूंनी तीन वर्षांचा जादा नफा ही ख्यातीची किंमत मानायचं ठरवलं, तर ती २४ लाख होते.

आता खरेदी मोबदला १८० अधिक २४, म्हणजे २०४ लाख. शेअरमागे ३४० रुपये.

बी.कॉम.च्या परीक्षेत आणि प्रत्यक्षातही अनेकजण इथेच गडबडतात. निव्वळ मालमत्ता पद्धतीत ख्याती आपोआप बेरजेत येत नाही. तिची किंमत वेगळी ठरवून मालमत्तेत धरली तरच ती येते. कोणी तो विषयच काढला नाही, तर २४ लाख गुपचूप मोठीच्या बाजूला जातात.

पैसे कसे मिळतात?

बहुतेक वेळा रोख मिळत नाही, मोठीचे शेअर मिळतात. मग मोठीच्या शेअरचीही किंमत काढावी लागते, आणि ती त्याच मापाने. समजा मोठीची जागा, यंत्रं, देणी आणि ख्याती याच पद्धतीने मोजून तिचा शेअर १७० रुपयांचा ठरला. २०४ लाखांना १७० ने भागलं की १ लाख २० हजार शेअर येतात. छोटीच्या प्रत्येक शेअरला मोठीचे दोन.

मोठीच्या वहीत काय लिहिलं जाईल? मालमत्ता २६७ लाख, ख्याती २४ लाख, देणी ८७ लाख. मोठीच्या शेअरची दर्शनी किंमत १०० रुपये धरली, तर नवं भांडवल १२० लाख आणि वरचे ७० रुपये प्रति शेअर म्हणजे ८४ लाख ‘शेअर प्रीमियम’. एका बाजूला २९१, दुसऱ्या बाजूलाही २९१. हिशेब जुळला.

छोटीच्या वहीतले राखीव निधी आणि साठलेल्या नफ्याचे ६० लाख मात्र इथे कुठेच दिसत नाहीत. ते गायब झाले का? नाही. खरेदी पद्धतीत जुन्या मालकाचा जुना नफा नव्या मालकाच्या वहीत नफा म्हणून जात नाही, त्याची किंमत मोबदल्यात आधीच धरलेली असते. फक्त एखाद्या कायद्याने ठेवायला लावलेला वैधानिक राखीव निधी असेल, तर तो ठरावीक काळ पुढे दाखवावा लागतो.

आणि ते २४ लाखांचं गुडविल? लेखा मानक १४ नुसार ते सहसा पाच वर्षांच्या आत नफ्यातून वजा करायचं. पाच वर्षं धरली तर दरवर्षी ४ लाख ८० हजार. त्यामुळे विलीनीकरणानंतर मोठीचा नफा कमी दिसला, म्हणजे धंदा बसला असं नाही.

मग फसगत कुठे होते?

समजा छोटीच्या संस्थापकाच्या बहिणीकडे ८ टक्के, म्हणजे ४,८०० शेअर आहेत. ती कारखान्यात कधी जात नाही, हिशेब भाऊ बघतो.

मोबदला २०४ लाख ठरला तर तिचा वाटा १६ लाख ३२ हजार. तोच वहीतल्या ११८ लाखांवर ठरला तर ९ लाख ४४ हजार. फरक ६ लाख ८८ हजारांचा. कोणी चोरी केलेली नाही, खोटी सही केलेली नाही. फक्त जुनी किंमत वापरली.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दोन मापं वापरल्याने. छोटी वहीच्या किमतीने मोजली आणि मोठी आजच्या किमतीने, तर ११८ लाखांना १७० ने भागून साधारण ६९,४०० शेअर येतात. बहिणीला ९,६०० ऐवजी जेमतेम ५,५५० शेअर मिळतात. म्हणून अदलाबदलीचं गुणोत्तर वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की दोन्ही कंपन्यांची जागा एकाच तारखेला आणि एकाच पद्धतीने मोजली आहे का?

नुकसान झालं हे नंतरही कळू शकतं. समजा मोठीने ११८ लाखच दिले, पण आपल्या वहीत मालमत्ता आजच्या किमतीला लिहिली. मग १८० लाखांची निव्वळ मालमत्ता ११८ लाखांत आली, आणि ६२ लाखांचा फरक तिला ‘भांडवली राखीव निधी’ म्हणून दाखवावा लागतो. विलीनीकरणानंतरच्या पहिल्या ताळेबंदात हा आकडा मोठा दिसला, तर कंपनी स्वस्तात गेली असण्याची दाट शक्यता आहे. मात्र मोठीने मालमत्ता जुन्याच किमतीला लिहिली, तर हा फरक ताळेबंदात दिसतच नाही. लेखा मानक १४ मोठीला दोन्ही पर्याय देतं.

फसगत उलट्या बाजूनेही होते. ग्रॅच्युइटी, जुनी कर मागणी, चालू असलेला खटला, दुसऱ्या कंपनीसाठी दिलेली हमी, या गोष्टी ताळेबंदात नसतात किंवा तळटीपेत असतात. त्या धरल्या नाहीत, तर मोठी जास्त पैसे मोजते.

फक्त मालमत्ता मोजून भागतं का?

नाही. या पद्धतीची मर्यादा साधी आहे. ती कंपनीकडे काय आहे ते मोजते, कंपनी काय कमावते ते जेमतेम मोजते. महामार्गाजवळ मोठा प्लॉट असलेला पण तोट्यातला कारखाना तिच्या मापाने महाग ठरतो. चार खोल्यांत चालणारी, भरपूर नफा कमावणारी सॉफ्टवेअर कंपनी कवडीमोल ठरते.

म्हणून मोठ्या विलीनीकरणांत मूल्यांकनकार एकाच पद्धतीवर थांबत नाहीत. याचं गाजलेलं उदाहरण मुंबईचंच आहे. टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टॉम्को, हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली, तेव्हा टॉम्कोच्या १५ शेअरला लिव्हरचे २ असं गुणोत्तर ठरलं. ते काढताना नफा, मालमत्ता आणि बाजारभाव या तिन्ही मापांचा विचार झाला होता. त्यावर आक्षेप घेतले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. १९९४ मध्ये न्यायालयाने विलीनीकरण कायम ठेवलं. मान्यताप्राप्त पद्धतीने तज्ज्ञाने किंमत काढली असेल आणि बहुसंख्य भागधारकांनी ती स्वीकारली असेल, तर न्यायालय स्वतः आकडेमोड करायला बसणार नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

याचा अर्थ असा की आकड्यांवरचा वाद मतदानाच्या आधी घालायचा असतो. नंतर न्यायालयात जाऊन ‘गुणोत्तर आणखी चांगलं असू शकलं असतं’ एवढंच म्हणून चालत नाही.

फास्ट ट्रॅकमध्ये लहान भागधारकाच्या हातात काय आहे?

कंपनी कायद्याच्या कलम २३३ नुसार या मार्गाने जायचं तर एकूण शेअरपैकी किमान ९० टक्के शेअर असलेल्यांची मंजुरी लागते. हे ९० टक्के सभेला आलेल्यांचे नव्हेत, कंपनीच्या एकूण शेअरचे. शिवाय कर्जाच्या रकमेच्या हिशेबाने नऊ दशांश धनकोंचीही संमती लागते.

म्हणजे १० टक्क्यांपेक्षा जास्त शेअर असलेली व्यक्ती हा मार्ग एकटी अडवू शकते. मग कंपनीला एनसीएलटीच्या लांबच्या रस्त्याने जावं लागतं.

आपल्या उदाहरणातल्या बहिणीकडे ८ टक्केच आहेत. ती अडवू शकत नाही. पण याच कलमात, योजनेमुळे ज्यांच्यावर परिणाम होतो अशा व्यक्तींना ३० दिवसांत हरकती आणि सूचना देता येतात, आणि त्या सर्वसाधारण सभेत विचारात घ्याव्या लागतात. पुढे योजना प्रादेशिक संचालकांकडे जाते. ती जनहिताची किंवा धनकोंच्या हिताची नाही असं त्यांना वाटलं, तर ते प्रकरण एनसीएलटीकडे पाठवू शकतात.

त्या ३० दिवसांत ‘मला किंमत कमी वाटते’ एवढंच लिहून पाठवलं तर त्याला फारसं वजन राहत नाही. प्लॉटची किंमत कोणत्या तारखेची आहे, मोठीचा प्लॉट त्याच पद्धतीने मोजला का, ख्यातीची किंमत धरली का, असे तीन प्रश्न आकड्यांसह लेखी विचारले, तर उत्तर द्यावं लागतं. आपल्या उदाहरणात त्या तीन प्रश्नांची किंमत ६ लाख ८८ हजार रुपये आहे.